फोन टॅपिंग आणि ‘सार्वजनिक सुरक्षितता’: खासगीपणाच्या कसोटीची पार्श्वभूमी

2025 च्या जून-जुलैमध्ये आठवडाभराच्या अंतराने दोन उच्च न्यायालयांनी फोन टॅपिंगला परवानगी देणाऱ्या, 1885 च्या तार कायद्यातील एकाच कलमाचा अर्थ वेगवेगळा लावला. दिल्लीतील खटला दोन हजार कोटींहून अधिक किमतीच्या सरकारी बांधकाम प्रकल्पातील लाचखोरीचा होता. एवढ्या मोठ्या प्रमाणावरचा भ्रष्टाचार ‘सार्वजनिक सुरक्षिते’लाच धोका ठरतो, म्हणून फोन टॅप करणे वैध, असे तिथल्या न्यायालयाने म्हटले. चेन्नईतील खटला पन्नास लाखांच्या लाचेचा होता. करचुकवेगिरी किंवा लाचखोरी उघडकीस आणण्यासाठी फोन टॅप करण्याची मुभा हे कलम देत नाही, असे सांगून त्या न्यायालयाने 2011 सालचा टॅपिंगचा आदेश रद्द केला. चेन्नईच्या निकालाला एक आधार होता तो मुंबई उच्च न्यायालयाच्या 2019 च्या एका निकालाचा. खासगीपणाचा हक्क मान्य झाला, आता पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर कागदावरून प्रत्यक्षात आणण्याचा प्रयत्न त्या निकालात आहे. तिथपर्यंतचा रस्ता समजून घेतल्याशिवाय आजचा वाद कळत नाही.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींच्या पीठापुढे एका उद्योगसमूहाच्या कार्यालयांवरील छाप्यांचा प्रश्न आला होता. मनमानी झडतीपासून नागरिकाला संरक्षण देणाऱ्या, अमेरिकेच्या घटनेतील चौथ्या दुरुस्तीसारखी तरतूद आपल्या घटनाकारांनी केलेली नाही, तर ती आम्ही बाहेरून का आणावी, असे त्या निकालात ओझरते म्हटले गेले. खटल्याचा खरा मुद्दा तो नव्हताच. तरीही खासगीपणाचा हक्क नाही, असे सांगण्यासाठी पुढची त्रेसष्ट वर्षे सरकारी वकील त्या एका परिच्छेदाचा आधार घेत राहिले.

1962 चा खडकसिंग खटला जास्त महत्त्वाचा आहे, आणि त्याचे सार बहुतेक वेळा अर्धवटच सांगितले जाते. उत्तर प्रदेशातील या माणसावर 1941 मध्ये दरोड्याचा आळ आला आणि पुराव्याअभावी तो सुटला. पोलिसांनी मात्र त्याची हिस्ट्रीशीट उघडली. राज्याच्या पोलीस नियमावलीतील 236 व्या नियमानुसार त्याच्या घराभोवती गुप्त पहारा, रात्री-अपरात्री घरात येऊन चौकशी, त्याच्या सवयी, उत्पन्न आणि ओळखीपाळखींची वेळोवेळी पडताळणी, गाव सोडून गेला तर त्याची नोंद असा सगळा जाच सुरू झाला. सहा न्यायमूर्तींपैकी चौघांनी यातल्या फक्त रात्रीच्या घरभेटी घटनाबाह्य ठरवल्या आणि त्याच दमात, खासगीपणा हा घटनेने दिलेला हक्क नाही, असेही लिहिले. दोघांच्या मते सगळा नियमच टिकणारा नव्हता, कारण आपल्यावर सतत डोळा आहे हे ठाऊक असलेला माणूस मोकळेपणाने वावरूच शकत नाही.

रात्रीच्या भेटींचा नियम नेमका कशामुळे पडला, याकडे लक्ष द्यायला हवे. तो जाचक आहे एवढेच कारण नव्हते. त्या नियमावलीला कोणत्याही कायद्याचा आधार नव्हता, ती पोलिसांना दिलेली खात्यांतर्गत सूचना होती. घरातल्या शांततेत हात घालायचा तर किमान विधिमंडळाने केलेला कायदा तरी हवा, ही आजच्या कसोटीची पहिली पायरी हक्क नाकारणाऱ्या त्याच निकालात घातली गेली होती. तेरा वर्षांनी त्याची दुसरी बाजू दिसली. मध्य प्रदेशातील गोविंद खटल्यात तशाच धाटणीचे नियम न्यायालयापुढे आले. ते पोलीस कायद्याखाली केलेले असल्यामुळे टिकले. खासगीपणाचा हक्क आहे असे क्षणभर गृहीत धरले, तरी राज्याचे अत्यंत निकडीचे हित असेल तर तो मागे सरू शकतो, अशी भाषा त्या वेळी आली. पाळत मात्र सराईत गुन्हेगारांपुरतीच ठेवा, अशी ताकीदही मिळाली. हक्क आहे की नाही याचे सरळ उत्तर टाळून त्याच्या मर्यादा आधी ठरवण्याची ही पद्धत पुढे बराच काळ चालली.

टेलिफोनचा प्रश्न आला तो याच संदिग्ध अवस्थेत. मुंबईच्या एका कॉरोनरने, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, एका डॉक्टरकडे लाच मागितल्याचे प्रकरण 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढले. डॉक्टरच्या संमतीने त्याच्याच फोनला यंत्र जोडून पोलिसांनी संभाषण रेकॉर्ड केले होते. फोनवरील बोलण्यात ढवळाढवळ होण्यापासूनचे संरक्षण निरपराध माणसाला आहे, पोलिसांच्या प्रयत्नांपासून ते गुन्हेगाराला नाही, असा त्या निकालाचा सूर होता. शिवाय पुरावा कसा मिळवला यापेक्षा तो प्रकरणाशी संबंधित आहे का, हे पाहायचे, हेही पक्के झाले. पुढल्याच वर्षी प्राप्तिकराच्या छाप्यांबाबत पाच न्यायमूर्तींनी तेच सांगितले: झडती बेकायदा असली तरी हाती लागलेला पुरावा बाद होत नाही. तपास अधिकाऱ्याला यातून मिळणारा संदेश अगदी स्पष्ट होता. नियम मोडला तरी फळ हातचे जात नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला राजकीय नेत्यांचे फोन टॅप होत असल्याचा तपास यंत्रणेचा एक अहवाल छापून आला आणि नागरी हक्क संघटनेने जनहित याचिका दाखल केली. निकाल लागला डिसेंबर 1996 मध्ये. 1885 च्या तार कायद्यातील कलम 5(2) रद्द करावे ही मागणी न्यायालयाने मान्य केली नाही, पण ते कलम कसे वाचायचे हे नीट उलगडून दाखवले. आजच्या वादाचे मूळ तिथे आहे.

त्या कलमाला दोन उंबरठे आहेत. पहिला असा, की ‘सार्वजनिक आणीबाणी’ असली पाहिजे किंवा ‘सार्वजनिक सुरक्षिते’चा प्रश्न असला पाहिजे. तो ओलांडल्यावरच दुसरा येतो: देशाचे सार्वभौमत्व आणि अखंडता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्याला चिथावणी रोखणे यांपैकी एखादे कारण असावे लागते. दोन्ही ओलांडल्याशिवाय फोन ऐकता येत नाही. सार्वजनिक आणीबाणी म्हणजे मोठ्या जनसमुदायाला ग्रासणारी आणि तातडीची पावले उचलायला लावणारी अचानक उद्भवलेली स्थिती. सार्वजनिक सुरक्षितता म्हणजे एकूण जनतेला धोका किंवा जोखीम नसण्याची स्थिती. न्यायालयाने पुढे जे म्हटले ते फार मोलाचे होते. या दोन्ही स्थिती गुपचूप नसतात. त्या आहेत की नाहीत हे कोणत्याही सुज्ञ माणसाला दिसले पाहिजे. दंगल, बॉम्बस्फोटांची मालिका, साथीचा उद्रेक डोळ्यांना दिसतात. एखाद्या फाइलमधली शंका तशी दिसत नाही.

या निकालाने कार्यपद्धतीही घालून दिली. आदेश गृहसचिवाचाच हवा, माहिती दुसऱ्या मार्गाने मिळू शकते का याचा आधी विचार हवा, आदेशाला मुदत हवी आणि प्रत्येक आदेश सचिवांच्या आढावा समितीपुढे जायला हवा. हे सगळे नंतर तार नियमावलीच्या 419-अ या नियमात उतरले. त्यानुसार एका आदेशाची मुदत साठ दिवस, आणि नूतनीकरण करत गेले तरी एकूण एकशे ऐंशी दिवसांपलीकडे जाता येत नाही. न्यायाधीशाकडून आधी परवानगी घेण्याची मागणी मात्र न्यायालयाने फेटाळली; तशी तरतूद करणे संसदेचे काम आहे, असे कारण दिले. माझ्या मते त्या निकालातली ही सर्वांत महागात पडलेली माघार आहे. आदेश देणारा सचिव, तो तपासणारेही सचिव, आणि ज्याचे बोलणे ऐकले गेले त्याला कधीच काही कळत नाही. 2018 मध्ये डेटा संरक्षणासाठी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने आपल्या अहवालात नोंदवले, की केंद्रातील आढावा समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि तिच्यापुढे एका बैठकीत पंधरा ते अठरा हजार आदेश असतात. एवढे आदेश दिवसभरात कुणी वाचू शकत नाही, त्यावर विचार करणे तर दूरच.

महाराष्ट्रापुरती एक तुलना इथे करायला हवी. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा आपला 1999 चा मोक्का कायदा कठोर आहे आणि त्याच्या गैरवापराच्या तक्रारीही झाल्या आहेत. तरी संभाषण ऐकण्याबाबतची त्यातली कलमे तार कायद्यापेक्षा बारकाईने लिहिलेली आहेत. परवानगी मागणाऱ्या अधिकाऱ्याला कोणत्या गुन्ह्यासाठी, कोणाचे, किती काळ ऐकायचे हे अर्जात लिहावे लागते. तपासाचे इतर मार्ग वापरून पाहिले आणि ते फसले का, किंवा ते का फसतील, हेही सांगावे लागते. ते संभाषण न्यायालयात पुरावा म्हणून वापरायचे असेल तर आदेशाची प्रत खटल्यापूर्वी किमान दहा दिवस आधी आरोपीला द्यावी लागते. या तरतुदी 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकल्या. म्हणजे मर्यादा स्पष्ट शब्दांत लिहून ठेवल्या तर तपासच होऊ शकत नाही, हा युक्तिवाद खरा नाही.

ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाचा हक्क घटनेच्या कलम 21 मध्ये, म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात, अंतर्भूत असल्याचे सांगितले आणि 1954 व 1962 चे निकाल त्या मर्यादेपर्यंत पुसले. आधार योजनेला आव्हान देणाऱ्या, कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एका निवृत्त न्यायमूर्तींच्या 2012 मधील याचिकेतून हे प्रकरण उभे राहिले. असा मूलभूत हक्कच नाही, अशी भूमिका सरकारने न्यायालयात घेतली आणि म्हणून इतके मोठे पीठ बसवावे लागले. हे सर्वांना माहीत आहे. कमी बोलले जाते ते असे, की एकमत हक्काच्या अस्तित्वावर होते, कसोटीवर नव्हते.

त्या दिवशी सहा स्वतंत्र निकालपत्रे आली. चार न्यायमूर्तींच्या वतीने लिहिलेल्या मुख्य निकालपत्रात तीन अटी होत्या: कायदा हवा, राज्याचा उद्देश रास्त हवा, आणि उद्देश व साधन यांत प्रमाण हवे. आणखी एका न्यायमूर्तींनी यात गैरवापराविरुद्ध कार्यपद्धतीच्या हमीची चौथी अट जोडली. एकाने हस्तक्षेपाच्या स्वरूपाप्रमाणे कसोटी बदलेल असे म्हटले आणि सर्वांत गंभीर हस्तक्षेपांसाठी गोविंद खटल्यातली ‘निकडीच्या हिता’ची भाषा पुन्हा आणली. बाकीच्यांचा भर वेगळा होता. खालच्या न्यायालयाने यातून नेमके काय उचलायचे? पाचांचे बहुमत कशावर, हे शोधण्यातच पुढचे वर्ष गेले.

2018 च्या आधार निकालाने प्रमाणाची अट चार प्रश्नांत फोडली. उद्देश रास्त आहे का? निवडलेले साधन त्या उद्देशाकडे नेते का? हक्काला कमी धक्का लावणारा, पण तितकाच परिणामकारक दुसरा मार्ग आहे का? आणि सरतेशेवटी, होणारा फायदा आणि हक्काचे नुकसान यांचा मेळ बसतो का? ही चौकट आज सर्वत्र वापरली जाते. तिचे बळ बँक खात्यांच्या उदाहरणात दिसते. काळ्या पैशाला आळा घालणे हा उद्देश रास्तच होता. पण त्यासाठी प्रत्येक खातेदाराला आधार जोडायला लावणे आणि न जोडल्यास खाते गोठवणे म्हणजे सगळ्या देशाकडे संशयाने पाहणे, म्हणून ती सक्ती गेली. पॅन कार्डाला आधार जोडण्याची सक्ती मात्र त्याच निकालात, त्याच कसोटीवर टिकली. चौकट तिसऱ्या प्रश्नापाशी ढिली पडते. ‘तितकाच परिणामकारक’ पर्याय कोणी दाखवायचा? याचिकाकर्त्याने दाखवायचा म्हटले, तर माहिती सगळी सरकारकडे. सरकारने दाखवायचा म्हटले, तर ते काम न्यायालये अनेकदा फार जोर न लावता सोडून देतात. त्या निकालात विरोधी मत देणाऱ्या एकमेव न्यायमूर्तींनी हे ओझे ठामपणे सरकारवर टाकले होते. मला ती भूमिका योग्य वाटते.

आता मुंबईचा निकाल. एका व्यावसायिकाने कर्जाच्या संदर्भातील मदतीसाठी सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याला दहा लाख रुपये लाच दिल्याचा आरोप होता. त्याचा फोन ऐकण्यासाठी केंद्रीय गृह खात्याने 29 ऑक्टोबर 2009, 18 डिसेंबर 2009 आणि 24 फेब्रुवारी 2010 असे तीन आदेश काढले. कारण म्हणून आदेशांत कायद्यातले ‘सार्वजनिक सुरक्षितता’ हे शब्द होते. गुन्हा 2011 मध्ये नोंदवला गेला. ऑक्टोबर 2019 मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तिन्ही आदेश रद्द केले, रेकॉर्डिंगच्या प्रती नष्ट करायला सांगितल्या आणि खटल्यात त्यांचा विचार करायचा नाही असे बजावले.

या प्रकरणावर कसोटी पायरी-पायरीने लावून पाहू. कायदा आहे का? आहे, कलम 5(2). पण ते कलम उघडायला लागणारी पहिली अटच इथे नव्हती. एका कर्जप्रकरणातल्या दहा लाखांनी एकूण जनतेला धोका निर्माण झाला, असे कोणताही सुज्ञ माणूस म्हणणार नाही. म्हणजे आदेश पहिल्याच पायरीवर अडखळतो, आणि खंडपीठाचा निकाल मुख्यतः यावरच उभा आहे. पुढे जाऊ. भ्रष्टाचार पकडणे हा उद्देश रास्त आहे, यात शंका नाही. फोन ऐकल्याने तो साधेल का? कदाचित साधेल. पण दुसरा मार्ग होता का? बँकेच्या लाचेत कर्जाची फाइल असते, मंजुरीच्या बैठकीचे इतिवृत्त असते, पैसे कुठून निघाले याच्या नोंदी असतात. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग महाराष्ट्रात वर्षानुवर्षे नोटांना पावडर लावून सापळे रचत आला आहे. तिन्ही आदेशांचा काळ मिळून कित्येक महिन्यांचा होतो, आणि त्या काळात त्या माणसाने घरच्यांशी, डॉक्टरांशी, वकिलाशी जे बोलले असेल तेही ऐकणाऱ्याच्या कानावर पडणारच. चौथ्या प्रश्नाचे उत्तर इथे अवघड राहत नाही.

निकालाचा खरा वादग्रस्त भाग पुराव्याचा आहे. 1972 आणि 1973 चे निकाल अजून जिवंत आहेत. ते रद्द झालेले नाहीत. मग बेकायदा मिळालेले रेकॉर्डिंग बाद कसे होईल? खंडपीठाचा विचार असा होता, की नऊ न्यायमूर्तींनी हक्क मान्य केल्यानंतरही साध्य बरे म्हणून साधन चालवून घेतले, तर कायद्यातल्या अटींना आणि त्या हक्कालाही काही अर्थ उरत नाही. टीकाकारांचे म्हणणे वेगळे आहे. जुने पीठ मोठे होते, पुराव्याच्या नियमाला हात घालायचा तर तो सर्वोच्च न्यायालयानेच घालावा, आणि तांत्रिक चुकीपायी लाचखोर सुटता कामा नयेत. या टीकेतला पहिला भाग वजनदार आहे. दुसरा मला पटत नाही, कारण कलमातली मूळ अटच नसणे ही तांत्रिक चूक होत नाही. आदेशावर शिक्का चुकला असता तर तो तांत्रिक दोष ठरला असता.

दिल्लीच्या 2025 च्या निकालाची अडचण इथेच आहे. रक्कम मोठी म्हणून ‘सार्वजनिक सुरक्षितता’ धोक्यात, हे मान्य केले तर उंबरठा पैशांत मोजावा लागेल. दहा लाखांना नाही, पन्नास लाखांना नाही, दोन हजार कोटींना आहे. मग शंभर कोटींचे काय? कायद्यात तसा आकडा नाही. गृहसचिवाच्या टेबलावर आदेश येतो तेव्हा अनेकदा चौकशी सुरूही झालेली नसते, रक्कम तपासयंत्रणा सांगेल ती. 1996 ची ‘सुज्ञ माणसाला दिसेल असा धोका’ ही ओळ अशा प्रसंगासाठीच होती. संसदेला मोठ्या भ्रष्टाचारासाठी फोन टॅपिंग हवे असेल तर तिने तसे कलम लिहावे, गुन्हे नेमून द्यावेत, मोक्कात केले तसे. न्यायालयाने जुन्या शब्दांत नवा अर्थ भरून ते देऊ नये.

संसदेकडे तशी संधी होती. 2023 चा दूरसंचार कायदा तार कायद्याच्या जागी आला. त्याच्या कलम 20(2) मध्ये सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता हे दोन्ही पर्याय जवळपास जसेच्या तसे आहेत. ‘आवश्यक किंवा इष्ट’ वाटल्यास आदेश काढण्याची मुभाही तशीच आहे. प्रमाणाच्या कसोटीचा तिसरा प्रश्न आवश्यकतेचा आहे. केवळ इष्ट असलेला हस्तक्षेप त्यात बसत नाही, आणि तरीही 2017 नंतर सहा वर्षांनी केलेल्या कायद्यात हा शब्द ठेवला गेला. डिसेंबर 2024 मध्ये आलेल्या नव्या नियमांत साठ आणि एकशे ऐंशी दिवसांच्या मुदती, सचिवांची आढावा समिती आणि ठरावीक काळाने नोंदी नष्ट करण्याची तरतूद आहे. एक गोष्ट नवी आणि चांगली आहे: तातडीच्या प्रसंगी खालच्या अधिकाऱ्याने दिलेल्या आदेशाला सात कामकाजाच्या दिवसांत वरिष्ठांची मान्यता मिळाली नाही, तर जे ऐकले ते पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. बेकायदा पुरावा बाद होऊ शकतो, हे तत्त्व एवढ्या मर्यादेत तरी सरकारने स्वतः लिहून दिले.

बाकी प्रश्न तसाच आहे. ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरही कळवण्याची तरतूद नाही, आणि नोंदी सहा महिन्यांनी नष्ट होतात. मुंबईतील व्यावसायिकाला न्यायालयात जाता आले, कारण त्याच्यावर खटला भरला गेला आणि कागदपत्रांत ते आदेश त्याच्या हाती लागले. ज्यांच्यावर खटला भरला जात नाही, त्यांच्या बाबतीत या चार प्रश्नांची कसोटी लावण्याची वेळच कोणत्याही न्यायालयावर येत नाही.